एक नाव, दोन नोंदी, हजार रुपये

आमच्या कोठीत एकाच माणसाची तीन नावे असतात आणि तिन्ही खरी असतात. घरात मराठी, शेजारी कानडी, रस्त्यावर तेलुगू व उर्दू, आणि कागदावर इंग्रजी, अशी येथील रीत. १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची तीन राज्यांत वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर-गुलबर्ग्याचा भाग म्हैसूरकडे गेला आणि तेलंगण आंध्रात मिळाले. माणसे मात्र अशी मोजून वाटली गेली नाहीत. कित्येक घरांत आजोळ बीदरकडचे, घराणे मराठवाड्यातले आणि चूल सुलतान बाजारामागच्या गल्लीत, असा संसार आहे. आमचेही घर त्यांपैकीच एक. शाळा मी मराठीतून शिकलो, आजोळी कानडी बोललो आणि आता कॉमर्सचे धडे इंग्रजीतून घेतो. म्हणूनच पॅन आणि आधार यांच्या जोडणीत नावे जुळत नाहीत म्हणून आमच्या भागातील माणसे जे हेलपाटे घालतात, त्यांविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१७ साली कलम १३९ एए घालण्यात आले आणि ते १ जुलै २०१७ पासून अमलात आले. ज्याच्याजवळ पॅन आहे आणि जो आधार मिळण्यास पात्र आहे, त्याने आपला आधार क्रमांक आयकर खात्यास कळवावा, अशी ही अट. एका माणसाने दोन-तीन पॅन काढून उत्पन्न लपवू नये, हा तिचा हेतू सांगितला गेला. सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०१८ च्या आधार-निकालात हे कलम ग्राह्य ठरविले. हेतूबद्दल माझी तक्रार नाही. माझे म्हणणे आहे ते जुळणी कशी होते याबद्दल.

जोडणीच्या वेळी यंत्र तीन गोष्टी ताडून पाहते: नाव, जन्मतारीख आणि लिंग. जन्मतारीख व लिंग तंतोतंत सारखे लागतात. नावात किरकोळ फरक असेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक येतो, आणि तो भरला की काम होते. नाव फारच निराळे दिसले तर अर्ज फेटाळला जातो आणि दोहोंपैकी एक नोंद दुरुस्त करून या, असे सांगितले जाते. आता 'किरकोळ' कशाला म्हणावे आणि 'फारच निराळे' कशाला, हे यंत्र अक्षरांवरून ठरविते, उच्चारावरून नव्हे. आणि अक्षरे असतात इंग्रजी.

येथेच आम्हा दक्खनी लोकांची खरी पंचाईत होते. आपण 'ज्ञ'चा उच्चार द्न्य असा करतो, म्हणून मराठी माणूस ज्ञानेश्वर हे नाव DNYANESHWAR असे लिहितो. तेलुगू माणूस तेच GNANESHWAR लिहील आणि कानडी माणूस बहुधा JNANESHWAR. नाव एक, मूळ संस्कृत शब्द एक, पण पहिले अक्षरच तीन प्रकारचे. तीच गोष्ट 'त'ची. मराठीत सविता म्हणजे SAVITA; दक्षिणेत 'ट'साठी T आणि 'त'साठी TH लिहिण्याची चाल असल्याने तीच बाई SAVITHA होते. लक्ष्मी आपल्याकडे बहुधा LAXMI, तिकडे LAKSHMI. यांतील एकही लेखन चूक नाही. आपापल्या भाषेच्या रीतीने प्रत्येकाने बरोबरच लिहिले आहे. पण पॅनचा अर्ज मराठी एजंटाने भरलेला आणि आधारची नोंद तेलुगू मुलाने टंकलेली असेल, तर दोन बरोबर गोष्टी मिळून एक चूक तयार होते.

दुसरी अडचण नावाच्या मांडणीची. पॅनच्या अर्जात आडनाव, स्वतःचे नाव आणि मधले नाव असे तीन रकाने असतात. ही मांडणी आम्हा मराठी लोकांना सोयीची, कारण आपले नाव मुळातच तीन पदरी असते. तेलुगू रिवाजात घराण्याचे नाव आधी येते आणि पुष्कळदा त्याचे केवळ आद्याक्षर लिहितात. म्हैसूरकडील कित्येक कानडी कुटुंबांत आडनावच नसते. गावाचे आणि वडिलांचे आद्याक्षर पुढे लावून काम भागते. उलट आधारमध्ये नावासाठी एकच सलग ओळ आहे. ती ओळ ज्या क्रमाने सांगितली, त्या क्रमाने उतरते. म्हणून एकाच व्यक्तीचे नाव एकीकडे तीन खणांत विभागलेले, तर दुसरीकडे आद्याक्षरासह एका ओळीत, असे आढळते.

आपल्या पॅनमध्ये आडनाव म्हणून काय नोंदले गेले, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पॅन दहा चिन्हांचा असतो. त्यातील चौथे अक्षर व्यक्तीसाठी P असते आणि पाचवे अक्षर हे आडनावाच्या रकान्यात जे लिहिले गेले त्याचे पहिले अक्षर असते. कुलकर्णी यांच्या पॅनमध्ये पाचवे अक्षर K असेल तर रकाने बरोबर भरले गेले असे समजावे. तेथे स्वतःच्या नावाचे आद्याक्षर दिसले, तर एजंटाने नाव आणि आडनाव यांची अदलाबदल केली असण्याचा संभव आहे. लग्नानंतर आडनाव बदलून घेतलेल्या स्त्रीच्या पॅनमध्ये मात्र माहेरचेच अक्षर राहते, कारण दुरुस्तीत नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. तेव्हा त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. ते माझ्या मावशीचे आहे. तिचे खरे नाव येथे देत नाही. त्या जागी ज्ञानेश्वरी कुलकर्णी असे नाव घेऊ. तिचा जन्म बीदर जिल्ह्यातला आणि लग्नापासून ती कोठीत राहते. पॅन तिने २००६ साली काढला. त्यावर नाव DNYANESHWARI KULKARNI आणि जन्मतारीख १२ ऑगस्ट १९६८. आधार काढले २०१२ साली, येथेच एका शिबिरात. भाऊगर्दीत तिने नाव तोंडी सांगितले आणि समोरच्या मुलाने ते आपल्या रीतीने K GNANESHWARI असे टंकले. जन्मदाखला जवळ नव्हता, म्हणून तारखेऐवजी १९६८ हे केवळ जन्मवर्ष लिहिले गेले.

२०२१ साली, जोडणीला शुल्क नव्हते तेव्हाच, तिने एका झेरॉक्सच्या दुकानातून अर्ज भरला. दुकानदाराने `Name as per AADHAAR` या रकान्यात पॅनवरचे नाव भरले. अर्ज फेटाळला गेला. मग आधारवरचे नाव भरले. तरी फेटाळला गेला, कारण आता ते पॅनच्या नोंदीशी जुळेना. नाव दुरुस्त करून घ्यावे तर कोविडमुळे केंद्रे कधी उघडी, कधी बंद. काम मागे पडले. १ एप्रिल २०२२ पासून जोडणीस पाचशे रुपये आणि १ जुलै २०२२ पासून हजार रुपये शुल्क लागू झाले. पुढे १ जुलै २०२३ ला न जोडलेले पॅन 'निष्क्रिय' ठरले, आणि त्यांत मावशीचाही पॅन होता.

निष्क्रिय म्हणजे पॅन रद्द झाला असे नव्हे, पण त्याची किंमत काय पडते ते पाहा. मावशीची बँकेत ठेव आहे आणि तिचे व्याज दर तिमाहीस पंधरा हजार रुपये. तिचे एकूण उत्पन्न करपात्र नाही, म्हणून ती दरवर्षी पंधरा-जी हा नमुना भरून देई आणि बँक कर कापत नसे. पॅन निष्क्रिय होताच तो नमुना निरुपयोगी ठरला. एवढेच नव्हे, तर नेहमीच्या दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के दराने कपात सुरू झाली. सप्टेंबर आणि डिसेंबर अशा दोन तिमाहींच्या तीस हजारांवर सहा हजार रुपये कापले गेले. तिच्यावर वास्तविक एक पैही कर नव्हता! आणि पॅन निष्क्रिय असेतोवर हा पैसा परत मागण्याची सोय नाही, त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

दुरुस्ती करावयास बसलो तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा की, दोहोंपैकी कोणती नोंद बदलावी? पुष्कळ लोक येथे घाई करतात आणि दोन्हीकडे अर्ज टाकून मोकळे होतात. मग आधार पॅनसारखे होते आणि पॅन आधारसारखा, आणि तफावत जशीच्या तशी राहते. म्हणून एकच नोंद बदलावी. कोणती, हे ठरविण्यासाठी घरातील इतर कागद समोर मांडावेत: बँकेचे पासबुक, मतदार ओळखपत्र, दहावीची गुणपत्रिका, ठेवीच्या पावत्या. ज्या नोंदीच्या बाजूने अधिक कागद बोलतात ती कायम ठेवावी आणि एकटी पडलेली नोंद सुधारावी. मावशीचे पासबुक आणि ठेवीच्या पावत्या DNYANESHWARI KULKARNI या नावाच्या होत्या. म्हणजे बदलायचे ते आधार, हे उघड झाले.

हा विचार आधी करणे आणखी एका कारणासाठी जरूर आहे. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनच वेळा आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, अशी मर्यादा २०१९ साली घातली गेली. मावशीच्या आधारवर नुसते वर्ष होते, म्हणून एकाने तिला तारीखही बदलून घ्या असे सुचविले. त्याची गरज नव्हती. आयकर खात्याच्या पानावर `I have only year of birth in Aadhaar card` अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली की जन्मवर्षावर भागते. तिचे वर्ष दोन्हीकडे १९६८ होते. एकदाच मिळणारी संधी विनाकारण कशाला खर्चावी? जन्मवर्षच निराळे असेल तर मात्र दुरुस्तीवाचून इलाज नाही. आपल्याकडील जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिलेली आणि आधारवर रेशनकार्डावरील वयाचा अंदाज उतरलेला, असा प्रकार वारंवार दिसतो. तेथे जन्मदाखला किंवा बोर्डाची गुणपत्रिका प्रमाण मानून तिच्याप्रमाणे दुसरी नोंद सुधारावी.

आधार केंद्रात नाव बदलताना पुरावा म्हणून मावशीने पॅनकार्डच दिले. पॅनकार्ड हा नावाचा मान्य पुरावा आहे, आणि ज्या अक्षरांशी जुळवायचे तीच अक्षरे समोर ठेवलेली बरी. तिने नाव तोंडी न सांगता कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून दिले. तेथेच जुना मोबाइल क्रमांक बदलून चालू क्रमांक नोंदविला, कारण पुढचे सांकेतिक क्रमांक त्यावरच येतात. यासाठी वेगळा पुरावा लागत नाही. शुल्क तेव्हा पन्नास रुपये होते. ऑक्टोबर २०२५ पासून ते पंच्याहत्तर झाले. केंद्रातून मिळणारी पोचपावती तेथेच उभे राहून अक्षर न् अक्षर वाचावी. पडद्यावर एक अक्षर बदलायला क्षणभर पुरतो. पावती घेऊन घरी आल्यावर त्याच अक्षरासाठी पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.

उलट, ज्यांचे आधार बरोबर आणि पॅन चुकीचा, त्यांनी पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज करावा आणि पुरावा म्हणून आधार द्यावे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कार्डावर छापलेले नाव आणि खात्याच्या नोंदीतील नाव ही नेहमी एकच असतात असे नाही, कारण जुन्या अर्जात कार्डावर छापण्याचे नाव निराळे लिहिता येई. म्हणून आयकर खात्याच्या पानावर `Verify PAN Status` येथे आपले नाव व तारीख भरून ती नोंदीशी जुळतात का, हे आधी पाहून घ्यावे. कार्ड बरोबर दिसत असूनही अर्ज फेटाळला जातो, त्याचे मूळ कित्येकदा येथे सापडते.

मावशीचे नवे आधार आल्यावर हजार रुपये भरले. खात्याच्या पानावर `e-Pay Tax` मध्ये जाऊन `Other Receipts (500)` हा प्रकार निवडावा लागतो. त्यातच विलंबाने जोडणी करण्याचे शुल्क असा पोटप्रकार आहे. तेथील ५०० हा आकडा शीर्षाचा आहे, रकमेचा नव्हे. तो पाहून कित्येकांचा गोंधळ उडतो. चलन नोंदले गेल्यावर `Link Aadhaar` येथे अर्ज केला आणि या वेळी तो मान्य झाला. शुल्क भरल्यावर अर्ज फेटाळला गेला तरी पुन्हा पैसे भरण्याचे कारण नसते. तेच चलन पुढील अर्जास चालते. कळविल्यापासून पॅन सक्रिय होण्यास तीस दिवसांपर्यंत लागतात. मावशीचा पॅन जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा चालू झाला. जुलैमध्ये विवरणपत्र भरून तिने कापलेले सहा हजार परत मिळविले. हजार रुपये मात्र गेले ते गेलेच.

एवढे करूनही ज्यांची नावे जुळत नाहीत, त्यांच्यासाठी २०२३ साली आयकर खात्याने आणखी एक वाट सांगितली. पॅनची सेवा देणाऱ्या प्रोटीन आणि यूटीआयआयटीएसएल या दोन संस्थांच्या ठरावीक केंद्रांत पॅन, आधार आणि शुल्काचे चलन घेऊन जावे आणि बोटांच्या ठशांवरून ओळख पटवावी. वाट चांगली आहे. पण शिवणकाम, भांडी आणि दगडमाती करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांना तीही नेहमी साथ देईलच असे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हे हजार रुपये कशाचे? कायद्याच्या शब्दांत ते विलंबाचे शुल्क आहे. ज्याने काही केलेच नाही त्याच्याकडून ते घ्यावे, यात अन्याय नाही. पण ज्याने मुदतीत, शुल्क नसताना अर्ज केला आणि ज्याचा अर्ज केवळ नाव जुळत नाही म्हणून फेटाळला गेला, त्याने विलंब केला असे कसे म्हणावे? हा तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार झाला. दोन पॅन बाळगणारा हुशार माणूस आपली अक्षरे जुळवून घेतो. अडकते ती एकच पॅन असलेली, तोंडी नाव सांगणारी मावशी.

कोणी म्हणेल, २०१७ पासून २०२३ पर्यंत सहा वर्षे मिळाली, मुदत कितीदा तरी वाढविली, तेवढ्यात दुरुस्ती करता आली नसती काय? प्रश्न रास्त आहे. पण मुदत सर्वांना सारखी मिळाली तरी काम सर्वांना सारखे नव्हते. ज्याचे नाव RAVI SHAH, त्याला पाच मिनिटांचे काम. ज्याच्या नावात 'ज्ञ', 'क्ष' किंवा 'त' आहे, आद्याक्षर आहे, सासर-माहेर आहे, त्याला आधी दुसऱ्या खात्यात जाऊन नाव बदलावे लागते, मग वाट पाहावी लागते, मग परत यावे लागते. दोघांना एकच मुदत आणि एकच शुल्क लावणे ही समानता केवळ कागदावरची होय.

माझे मागणे दोनच गोष्टींचे आहे. पहिली, फेटाळलेल्या अर्जांची नोंद खात्याजवळ असतेच. ज्याचा अर्ज शुल्कापूर्वी नावाच्या तफावतीमुळे फेटाळला गेला असे त्या नोंदीवरून दिसते, त्याचे शुल्क माफ व्हावे व घेतलेले परत मिळावे. दुसरी, जुळणी केवळ इंग्रजी अक्षरांवर सोडू नये. आधारपत्रावर स्थानिक लिपीतही नाव असतेच. पॅनच्या अर्जातही माणसाला आपले नाव आपल्या लिपीत लिहू द्यावे. 'ज्ञ' हे अक्षर देवनागरीत, कानडीत आणि तेलुगूत एकाच जोडाक्षराचे रूप आहे. D, G आणि J यांचा तंटा त्या लिप्यांत मुळी उद्भवतच नाही. लिपी बदलून पाहणारे यंत्र फार अवघड नाही. अर्जावर एक रकाना वाढविण्याची इच्छा मात्र हवी.

पहिले आधार सप्टेंबर २०१० मध्ये महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले. ज्याच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही त्याला ओळख मिळावी, असे तेव्हा सांगितले गेले. त्या ओळखीने माणसाला आपलेच नाव सिद्ध करण्यासाठी हजार रुपये मोजायला लावू नयेत, एवढीच अपेक्षा.